मोबाईलवरची कमाई आणि हातातली कमाई

उसाच्या दरातून तोडणी-वाहतूक वजा झाल्यावरच आपण हिशेब धरतो. पुण्यात मोटारसायकलवर घरपोच खाद्यपदार्थ पोचवणाऱ्या आपल्या मुलांच्या कमाईलाही हाच नियम लावावा.

समजा, 26 दिवसांत मोबाईलवर 24,000 रुपये दिसले. आता अंतर बघू. ऑर्डरचे किलोमीटर धरून भागत नाही, रिकामे परतणेही मोजावे लागते. म्हणून घरातून निघताना आणि परतल्यावर गाडीच्या मीटरचा आकडा वहीत लिहावा. रोज 100 म्हणजे महिन्याला 2,600 किलोमीटर. लिटरला 50 किलोमीटर आणि 105 रुपये दर धरला, तर पेट्रोल 5,460. ऑईल, टायर, चेन यांना किलोमीटरमागे 60 पैसे, म्हणजे 1,560. विमा व मोबाईल 700.

घसारा मात्र सगळेच विसरतात, कारण तो रोज खिशातून जात नाही. लाखाची गाडी चार वर्षांनी 28,000 ला विकली, तर महिन्याला 1,500 झिजले.

एकूण खर्च 9,220, हाती 14,780. ऑर्डरची वाट बघण्यासह रोजचे 11 तास धरले, तर ताशी 52 रुपयेही पडत नाहीत.

शिवाय इथे मालकाचा 12 टक्के फंड नाही. तो धरला, तर ही कमाई फंड असलेल्या सुमारे 13,200 पगाराच्या नोकरीएवढीच भरते. त्या नोकरीत भरपगारी रजा मिळते. इथे ताप आला की त्या दिवसाची कमाई शून्य, गाडीचा हप्ता मात्र चालूच. तेव्हा हप्त्याच्या कागदावर सही करण्याआधी महिनाभराची वही मांडून बघावी.