वातानुकूलन बंद पडल्यास भाडे-परतावा

प्रश्न : नागपूर–मुंबई प्रवासात थ्री-टिअर एसी डब्याचे वातानुकूलन भुसावळपासून नाशिक रोडपर्यंत बंद राहिल्यास परतावा किती मिळतो आणि अर्जात काय लिहावे?

उत्तर : रेल्वेच्या 2015 च्या परतावा नियमांनुसार संपूर्ण भाडे परत मिळत नाही, ज्या टप्प्यात यंत्रणा बंद होती, तेवढ्याच अंतरासाठी थ्री-टिअर एसी आणि मेल-एक्स्प्रेसचा शयनयान वर्ग यांच्या भाड्यांतील फरक मिळतो. समजा, त्या टप्प्याचे एसी भाडे 600 रुपये आणि शयनयान भाडे 200 रुपये असेल, तर परतावा 400 रुपये होतो.

या दाव्याचा मुख्य आधार म्हणजे तिकीट तपासनीसाने गाडीतच दिलेले, यंत्रणा कोठून कोठपर्यंत बंद होती हे नमूद करणारे प्रमाणपत्र होय. 139 वर केलेली तक्रार बिघाडाची नोंद करते, परंतु या प्रमाणपत्राची जागा घेत नाही. ई-तिकीट असल्यास गाडी गंतव्य स्थानकावर प्रत्यक्ष पोहोचल्यापासून 20 तासांच्या आत टीडीआर, म्हणजे परताव्याचा ऑनलाइन अर्ज, दाखल करून मूळ प्रमाणपत्र आयआरसीटीसीकडे टपालाने पाठवावे लागते. खिडकीवरील तिकीट असल्यास त्याच मुदतीत तिकीट व प्रमाणपत्र स्थानकावर सादर करावे लागते.

अर्जातील मागणीचे वाक्य पुढीलप्रमाणे असावे : ‘उपरोक्त पीएनआरवरील प्रवासात भुसावळ ते नाशिक रोड या टप्प्यात डब्याचे वातानुकूलन बंद असल्याने, सोबतच्या प्रमाणपत्राच्या आधारे, त्या टप्प्याच्या भाड्यातील फरक परत मिळावा.’ मनस्तापाच्या भरपाईची मागणी या अर्जात मिसळू नये, कारण परतावा अधिकाऱ्याचा अधिकार भाड्यापुरताच असतो.