प्रमाणपत्र आहे, पाटीवर काय लिहू?

प्रश्न : समुपदेशनाचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पूर्ण केला आहे. पानशेतला खोली घेऊन ‘मानसोपचार केंद्र’ सुरू करता येईल का? – एक वाचक, पानशेत

उत्तर : खोली जरूर घ्यावी, पाटी मात्र बदलावी. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेली पदवी, उदाहरणार्थ दोन वर्षांचे एम.फिल., आणि परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव लागते. नोंदणीशिवाय हे काम करणे 1992च्या कायद्याने गुन्हा आहे.

पाटीवर ‘समुपदेशक’ आणि खाली अभ्यासक्रमाचे नाव व कालावधी लिहावा. ऐकून घेणे, परीक्षेचा ताण, घरातला विसंवाद, निर्णयाची चलबिचल, एवढे देऊ करणे प्रामाणिक आहे. निदान, बुद्ध्यांक चाचणीचा दाखला, औषधाबद्दल सल्ला नाही.

समजा, बारावीतला मुलगा अभ्यासाची तक्रार घेऊन आला. बोलता बोलता कळले, दोन आठवडे झोप नाही, जेवण सुटले आहे, ‘जगून काय करू’ म्हणतो. इथे समुपदेशकाची हद्द संपते. मरणाचे विचार येतात का, हे थेट विचारावे. विचारल्याने ते वाढत नाहीत. त्याला एकटे सोडू नये. पालकांना बोलावून त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावे. टेली-मानसचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. तो भिंतीवर ठळक लिहून ठेवावा.