‘विचाराधीन आहे’ आणि परमादेश

आमच्या मामाचा अर्ज एका महसूल कार्यालयात एकोणीस महिने पडून होता. आजोबा वारल्यावर सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लावण्यासाठी त्याने तलाठ्याकडे वर्दी दिली आणि पोच घेतली. फेरफार नोंदला गेला, पण चुलतभावाने मृत्युपत्र दाखवून हरकत घेतली, तेव्हा प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत गेले. सुनावणी झाली, लेखी म्हणणे दिले गेले. आदेश मात्र निघेना. विचारावे तेव्हा एकच उत्तर : “विचाराधीन आहे.”

नकार मिळाला असता तर अपील करता आले असते. पण मौनाविरुद्ध अपील कसे करणार? अशा कोंडीत संविधानाच्या अनुच्छेद २२६ खालील परमादेश, म्हणजेच मँडॅमस, उपयोगी पडतो. कायद्याने ज्याच्यावर काम करण्याचे कर्तव्य टाकले आहे त्याला ‘ते कर’ असे उच्च न्यायालय सांगू शकते.

मामाने स्वतः तयार केलेल्या मसुद्यात ‘अर्जदाराचे नाव सातबाऱ्यावर लावावे’ अशी मागणी होती. वकिलांनी ती खोडून ‘प्रकरणाचा निर्णय ठरावीक मुदतीत द्यावा’ असे लिहिले. मामा रागावला, पण वकिलांचेच बरोबर होते. फेरफाराच्या वादाचा निर्णय देणे अधिकाऱ्याचे काम; न्यायालय त्याच्या खुर्चीत बसत नाही. निर्णय मागता येतो, अनुकूल निर्णय मात्र सहसा मागता येत नाही.

‘वाजवी वेळ’ म्हणजे किती, याचे ठरीव माप नाही. सुदैवाने महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० मध्ये असे वाद शक्यतो एका वर्षात निकालात काढावेत असे म्हटले आहे. ‘शक्यतो’ या शब्दामुळे ती मुदत पोलादी राहत नाही, पण विलंब मोजायला गज मिळतो.

याचिकेआधी मामाने सक्षम अधिकाऱ्यालाच लेखी स्मरणपत्र दिले आणि त्याचीही पोच घेतली. हे महत्त्वाचे, कारण आधी मागणी करावी आणि ती नाकारली गेलेली असावी, हा नियम सर्वोच्च न्यायालयाने सरस्वती इंडस्ट्रियल सिंडिकेटच्या खटल्यात (१९७४) मान्य केला आहे. दीर्घ मौन हाही नकारच, असे वकिलांनी मांडले.

उलट, वीस वर्षे गप्प बसून आज अर्ज करावा आणि उद्या ‘निर्णय द्या’ म्हणून न्यायालयात जावे, हे चालत नाही. मेलेला दावा अशा आदेशाने जिवंत होत नाही, असे सी. जेकब प्रकरणात (२००८) ठरले आहे.

खंडपीठाने दोन्ही बाजूंना ऐकून आठ आठवड्यांत सकारण आदेश द्यावा असे सांगितले आणि गुणावगुणांवर मत देण्याचे टाळले. मुदत मोडली असती तर न्यायालयाच्या अवमानाचा अर्ज करता आला असता. तशी वेळ आली नाही. सहाव्या आठवड्यात आदेश आला, तोही मामाच्या विरुद्ध! घरात दोन दिवस चूल थंड होती म्हणा ना. तिसऱ्या दिवशी मात्र मामाने आदेशाची नक्कल काढली. तिच्यात मृत्युपत्र ग्राह्य धरण्याची कारणे लिहिलेली होती, आणि त्या कारणांवरच बोट ठेवून त्याने कलम २४७ खाली अपील दाखल केले.