डायलिसिसवरील रुग्णाचा वेदनायुक्त व्रण : कॅल्सिफिलॅक्सिस

पुढील रुग्णचित्र विचारात घ्यावे. वय ५५, स्थूल व मधुमेही स्त्री. ३ वर्षे डायलिसिसवर. हृदयाच्या अनियमित गतीसाठी वॉरफरिन चालू. मांडीवर जाळीदार जांभळट डाग उठतो, त्याखाली कठीण गाठ हातास लागते. काही दिवसांत मध्यभागी काळी खपली धरते. पायाच्या धमन्यांचे स्पंदन मात्र उत्तम असते. प्रथमदर्शनी हा मधुमेहजन्य व्रण वाटेल; परंतु व्रणाच्या मानाने अतितीव्र वेदना हे येथील निदानसूचक लक्षण होय.

या व्याधीत त्वचेखालील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भित्तीत कॅल्शियम साचते, पोकळी अरुंद होते, अखेर रक्त गोठून त्वचा मृत होते. निकामी वृक्कांमुळे वाढलेले फॉस्फेट हे एक कारण. दुसरे वॉरफरिन : भित्तीत कॅल्शियम साचू न देणाऱ्या प्रथिनास 'के' जीवनसत्त्व लागते व त्याचे कार्य हे औषध अडविते.

म्हणून अशा रुग्णास शंख, कपर्दिक, प्रवाळ, गोदंती ही कॅल्शियमयुक्त भस्मे देऊ नयेत. जलौका, अग्निकर्म वा छेदनही करू नये. नव्या क्षताच्या जागी नवा व्रण होऊ शकतो. वॉरफरिन परस्पर बंद न करता रुग्णास त्याच दिवशी वृक्करोगतज्ज्ञाकडे पाठवावे. तेथे वॉरफरिनला पर्याय, कॅल्शियमविरहित फॉस्फेटबंधक, वेदनाशमन आणि डायलिसिसच्या अखेरच्या तासात बहुधा २५ ग्रॅम सोडियम थायोसल्फेट शिरेतून, असा उपक्रम योजतात. थायोसल्फेटची उपयुक्तता अद्याप निर्विवाद सिद्ध नाही. वर्षभरात सुमारे निम्मे रुग्ण दगावतात, बहुधा व्रणातून पसरलेल्या जंतुसंसर्गाने. यास्तव काळी खपली धरण्यापूर्वीच डाग ओळखणे हितावह.