खिडकीतला एसी खरोखर किती वीज खातो?

अमेरिकेतल्या भाड्याच्या घरात खिडकीत बसवलेला एसी बहुधा १२० व्होल्टच्या साध्या सॉकेटवर चालतो. त्यामुळे त्याची वीज प्लगमध्ये लावायच्या छोट्या मीटरने मोजता येते. मीटर भिंतीच्या सॉकेटमध्ये आणि एसीचा प्लग मीटरमध्ये, एवढीच जोडणी. मधे एक्स्टेन्शन कॉर्ड मात्र कधीही घालू नये, ती तापते.

समजा, एसी ८,००० बीटीयूचा आहे, म्हणजे भारतातल्या हिशेबाने पाऊण टनाहून थोडा कमी. पाटीवर ७१० वॉट आणि ६.५ अँपिअर लिहिले आहे. इथे पहिली गफलत होते. ६.५ गुणिले १२० केले की ७८० येतात. पण ते व्होल्ट-अँपिअर झाले, वॉट नव्हेत. बिल वॉटवर येते, म्हणून मीटरवर वॉटचाच आकडा पाहावा.

पाटीवरची क्षमता ठरावीक स्थितीत मोजलेली असते: बाहेर ९५ अंश फॅरनहाइट, खोलीत ८०. बाहेरची हवा थंड असेल तर कॉम्प्रेसरला कमी जोर लावावा लागतो. म्हणून संध्याकाळी ६४० वॉट दिसले, तर मीटर बिघडला असे समजू नये. खोली गार झाल्यावर कॉम्प्रेसर कट होतो आणि नुसता पंखा उरतो; तेव्हा आकडा एकदम ६० वर येतो. कोणत्याही एका क्षणाचा आकडा म्हणूनच दिवसाचा खर्च सांगत नाही.

खरा हिशेब युनिटमध्ये, म्हणजे मीटरच्या kWh या आकड्यात असतो. मीटर शून्यावर आणून एसी पूर्ण २४ तास नेहमीसारखा चालू द्यावा. समजा, आकडा ६.२ युनिट आला. पाटीप्रमाणे सलग चालला असता तर १७ युनिट झाले असते. ६.२ युनिटांना २४ ने भागले की सरासरी सुमारे २६० वॉट येते. त्यातून पंख्याचे ६० वजा केले तर २०० उरतात, आणि कॉम्प्रेसरचा स्वतःचा वाटा ६४० वजा ६०, म्हणजे ५८० वॉटचा आहे. म्हणजे कॉम्प्रेसर जेमतेम तिसरा हिस्सा वेळ चालला. इन्व्हर्टर एसीला हे गणित लागू पडत नाही. त्याचा कॉम्प्रेसर कट न होता वेग कमीजास्त करतो. तिथे फक्त एकूण युनिट पाहावेत.

एकाच दिवसावर भरवसा ठेवू नये. एक उकाड्याचा आणि एक साधा दिवस तरी मोजावा. मधे वीज गेली तर काही मीटरांवरची नोंद पुसली जाते, म्हणून आकडा अधूनमधून लिहून ठेवलेला बरा. कॉम्प्रेसर चालू असूनही वॉट पाटीच्या निम्म्यावर असतील आणि हवाही गार नसेल, तर गॅस गळाल्याची शंका घ्यावी.

२४० व्होल्टचा किंवा सेंट्रल एसी या मीटरने मोजता येत नाही. घरात स्मार्ट मीटर असेल तर वीज कंपनीच्या खात्यातला तासागणिक वापर पाहून त्याचा अंदाज घ्यावा.