कडुनिंब आणि बकाणा निंब

उगादीच्या सकाळी देवनहळ्ळीच्या परिसरात ‘बेवु-बेल्ल’ वाटतात. बेवु म्हणजे कडुनिंब व बेल्ल म्हणजे गूळ. आपल्याकडील पाडव्याचीच ही चाल होय. परंतु त्याच सुमारास कडुनिंबासारखाच दिसणारा बकाणा निंबही फुललेला असतो. कन्नडात त्यास ‘हुच्चु बेवु’, म्हणजे वेडा निंब, असे नाव आहे. त्याच्या फळातील बिया पोटात गेल्यास विषबाधा होते; म्हणून ही ओळख नेमकी हवी. लिनीअसने 1753 मध्ये दोन्ही वृक्ष ‘मेलिया’ या एकाच प्रजातीत घातले होते. कडुनिंब त्यातून वेगळा काढला गेला तो 1830 मध्ये.

समजा, देवनहळ्ळीजवळ काढलेले एका फांदीचे छायाचित्र आपल्यापुढे आहे. पर्णिकांच्या कडा करवतीसारख्या दातेरी दिसतात. एवढ्यावरून कडुनिंब असा निर्णय देणे चुकीचे ठरेल, कारण बकाण्याच्या कडाही बहुधा दातेरीच असतात. कडेबरोबर पर्णिकेचा आकार पाहावा. कडुनिंबाची पर्णिका कोयत्यासारखी वाकलेली असून मधल्या शिरेची एक बाजू दुसरीहून रुंद असते. बकाण्याची पर्णिका पुष्कळ सरळ असते.

याहून भरवशाची खूण पानाच्या रचनेत सापडते. कडुनिंबाच्या पानात एका दांड्याच्या दोन्ही बाजूंस थेट पर्णिका असतात. बकाण्याचा दांडा पुन्हा फुटतो आणि त्या उपदांड्यांवर पर्णिका येतात. फसगत होते ती येथेच: बकाण्याचा एकच उपदांडा चित्रात आला, तर तो कडुनिंबाचे संपूर्ण पान वाटतो. म्हणून दांड्याचे मूळ शोधावे. तेथे बगलेत कळी असेल तर ते संपूर्ण पान होय. नसेल तर तो पानाचा केवळ एक भाग समजावा.

फुलोरे दोहोंचेही पानांच्या बगलेतून निघतात. कडुनिंबाची फुले पांढरी असतात. बकाण्याच्या पाकळ्या फिकट जांभळ्या असतात. कडक उन्हात घेतलेल्या चित्रात हा जांभळा रंग उडून पांढरा भासतो. तेव्हा फुलाच्या मध्यभागी पाहावे. तेथील पुंकेसरांची नळी बकाण्यात गडद जांभळी असते आणि ती सहसा लपत नाही.

निंबोळी लांबट असते, पिकल्यावर मऊ होते व गळून पडते. बकाण्याचे फळ गोल असते. ते पिवळे होऊन सुरकुतले तरी पानगळीनंतर महिनोन्‌महिने झाडावरच लटकते. त्यामुळे चैत्रातील एकाच चित्रात नवी फुले व गतवर्षीचे पिवळे घोस एकत्र दिसले, तर तो बकाणाच धरावा. फळ हाती असल्यास ते फोडून पाहावे: निंबोळीत साधारणतः एकच बी निघते, तर बकाण्याची आठळी कठीण व खाचा असलेली असून तिच्यात अनेक बिया असतात.

कर्नाटकात शेताच्या बांधावर लावला जाणारा ‘हेब्बेवु’ मात्र या कसोट्यांत घोटाळा करतो. तो बकाण्याचाच भाऊबंद. त्याचेही पान पुन्हा पुन्हा विभागलेले, पण फुले हिरवट पांढरी. म्हणून पांढऱ्या फुलाच्या चित्रातही संपूर्ण पान दिसेपर्यंत झाडाचे नाव लिहू नये.