उपाशीपोटी कढीपत्ता : केस, साखर आणि खरं काय ते

लोणी काळभोरच्या वस्त्यांमध्ये सध्या कढीपत्त्याला भलताच मान आला आहे. कोणी त्याला गोडलिंब म्हणतं, कोणी कढीलिंब. सकाळी उठल्यावर तोंड धुवायचं, आठ-दहा पानं चावून खायची, वर कोमट पाणी प्यायचं आणि अर्धा तास काही खायचं नाही. कोणी हे केस गळतात म्हणून करतं, कोणी साखर वाढली म्हणून. मोबाईलवरच्या व्हिडिओत तर दोन्ही एकाच दमात सांगतात. रोज चारजणी विचारतात, म्हणून या वेळी हाच विषय घेतला आहे.

आधी साखरेचं बघू, कारण त्यात जिवाला धोका आहे.

कढीपत्त्याने साखर कमी होते ही गोष्ट कुणी हवेतून काढलेली नाही. उंदीर आणि सशांना मधुमेह करून त्यांना कढीपत्त्याचा अर्क दिला, तेव्हा त्यांची साखर उतरली, असे बरेच प्रयोग झाले आहेत. पण तिथे दिलेला अर्क पानं उकळून, आटवून, जनावराच्या वजनाच्या हिशोबाने मोजून दिलेला असतो. आपण चावतो ती पानं त्यापुढे फार थोडी. शिवाय उंदराला लागू पडलं ते माणसाला लागू पडेलच असं नाही.

माणसांवर काय झालं? बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील अय्यर आणि मणी या दोन संशोधकांचा एक अभ्यास १९९० साली छापून आला. त्यांनी इन्सुलिनशिवाय चालणारा मधुमेह असलेल्या ३० रुग्णांना महिनाभर कढीपत्त्याची पूड दिली, दिवसाला १२ ग्रॅम. पंधराव्या दिवशी तपासलं तर उपाशीपोटीची साखर आणि जेवणानंतरची साखर, दोन्ही थोड्या उतरल्या होत्या. पण ही उतरण तात्पुरती होती. रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेली साखर त्यांनी मोजली, तिच्यात सांगण्यासारखा फरक पडला नाही. कोलेस्टेरॉलही होतं तसंच राहिलं.

ही चिकटलेली साखर नीट समजून घ्या, कारण सगळी गोम तिथेच आहे. बोटाला टोचून जी साखर मोजतो ती त्या घडीची. रात्री काय खाल्लं, झोप झाली की नाही, अंगात ताप आहे का, यावर ती वर-खाली होते. पण रक्तात फिरणारी साखर प्रथिनांना आणि तांबड्या पेशींना चिकटत राहते आणि मागच्या दिवसांचा हिशोब तिथे राहतो. प्रथिनांवरचा हिशोब दोन-तीन आठवड्यांचा असतो. तांबड्या पेशीवरचा साधारण तीन महिन्यांचा, त्यालाच एचबीए१सी म्हणतात. डोळे, किडनी, पायाच्या नसा यांचं नुकसान एका सकाळच्या आकड्याने होत नाही, या लांबच्या हिशोबाने होतं. बडोद्याच्या रुग्णांचा तो हिशोब हलला नाही.

आता १२ ग्रॅम पूड म्हणजे किती, तेही बघा. ओल्या पानात निम्म्याहून जास्त पाणी असतं, वाळलं की वजन उडून जातं. म्हणजे १२ ग्रॅम पूड करायला ओली पानं ३० ग्रॅमच्या आसपास तरी लागतील. आठ-दहा पानं भरतात एक-दोन ग्रॅम. इतकी पूड रोज खाऊनही जे झालं नाही, ते दहा पानांनी होईल अशी आशा कशावर धरायची?

तरीही बायका सांगतात, "ताई, मला खरंच फरक पडला." त्या खोटं बोलत नाहीत. एका मावशींचं उदाहरण सांगते, नाव नको. वय ५४, मेटफॉर्मिनची ५०० ची गोळी दिवसातून दोनदा. उपाशीपोटी साखर १७२ आली. शेजारणीने कढीपत्ता सांगितला, तो सुरू केला. पंधरा दिवसांनी साखर १३४. मावशी खूष. गोळ्या खाऊन किडनी जाते हे त्यांनी कुठेतरी ऐकलं होतंच, त्यांनी गोळ्या बंद केल्या.

मी त्यांना सकाळचा सगळा दिनक्रम विचारला. पूर्वी उठल्या उठल्या दोन चमचे साखरेचा चहा आणि दोन खारी, रात्री उरलेला भात. पानं चावायला लागल्यापासून अर्धा तास काही खायचं नाही म्हणून तो पहिला चहा आणि खारी सुटली. आपण औषध घेतोय म्हणून रात्रीचा भातही अर्धा केला. आणि त्या पंधरा दिवसांत गोळ्या चालूच होत्या. साखर उतरली ती या सगळ्यामुळे, नाव झालं पानाचं. एक साधी गोष्ट आणखी: सकाळी पान चावायच्या आधी रक्त दिलं तर त्या दिवसाच्या आकड्यात त्या दिवसाच्या पानाचा काही संबंधच नसतो.

तीन महिन्यांनी पायाच्या अंगठ्याची जखम भरेना म्हणून त्या आल्या. एचबीए१सी ९.६ निघाला, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर २३० च्या घरात. गोळ्या सुरू असताना हाच आकडा ८.१ होता. डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या, जखमेची रोज पट्टी केली, चहा-खारी मात्र बंदच ठेवायला सांगितली. कढीपत्त्याला कुणी नाही म्हटलं नाही.

किडनीची भीती सगळीकडे आहे, म्हणून स्पष्ट सांगते. मेटफॉर्मिनने किडनी खराब होत नाही. किडनी आधीच कमजोर झाली असेल तर डॉक्टर त्या गोळीचं प्रमाण कमी करतात किंवा ती बंद करतात, त्यावरून लोकांनी उलटा अर्थ लावला. किडनी खराब करते ती वर्षानुवर्षं वाढलेली साखर आणि वाढलेलं बीपी.

दुसरा धोका याच्या उलटा आहे आणि तो कामाला जाणाऱ्या बायांना जास्त. ग्लिमेपिराइड ही गोळी पोटात काही असो नसो, साखर खाली ओढते. ती न्याहारीसोबत घ्यायची असते. पहाटे उठून गोळी घेतली, पानं चावली, अर्धा तास थांबायचं म्हणून खाल्लं नाही, तेवढ्यात कामाची वेळ झाली आणि तशाच निघाल्या, असं होतं. मग बसमध्ये किंवा शेतात घाम सुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस असंबद्ध बोलतं. लोकांना वाटतं उन्हामुळे झालं. साखर ७० च्या खाली गेली की असं होतं. माणूस शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटं थांबा, बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच द्या आणि मग भाकरी-चपाती खायला घाला. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, श्वासनलिकेत जातं. तडक दवाखाना गाठा. पानं चावायचीच असतील तर न्याहारीबरोबर चावा, उपाशीपोटीला वेगळा गुण असल्याचं कुठल्या अभ्यासात दिसलेलं नाही.

आता केसांकडे येऊ. पानं खाऊन केस गळायचे थांबले हे माणसांवर नीट तपासून दाखवणारा अभ्यास नाही. पण इथेही "मला फरक पडला" म्हणणाऱ्या भरपूर. त्याचं कारण केसाच्या चालीत आहे. बाळंतपण, टायफॉईड, डेंग्यू, मोठं ऑपरेशन, असं काही अंगावरून गेलं की बरेच केस एकदम विश्रांतीला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी झुपक्याने गळतात. तोवर ताप विसरलेलाही असतो. हे गळणं बहुतेकींचं पुढच्या काही महिन्यांत, साधारण सहा महिन्यांच्या आत, आपोआप थांबतं. बाई घाबरते आणि नेमकी तेव्हाच पानं सुरू करते. थांबायचं होतंच, थांबतं. रोज ५० ते १०० केस गळणं तर तसंही चालतं.

थांबत नसेल तर आपल्या बायांमध्ये पहिला संशय रक्त कमी असण्याचा, मग थायरॉइडचा. कढीपत्त्यात लोह आहे, १०० ग्रॅम पानांत आठ-नऊ मिलिग्रॅम. पण आपण खातो एक-दोन ग्रॅम, म्हणजे लोह मिळालं फार तर एका मिलिग्रॅमच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतकं. बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लागतं. सरकारी दवाखान्यातल्या लोहाच्या एका लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. ती फुकट मिळते, आणि कितीतरी घरांत ती डब्यात तशीच पडून असते, कारण मळमळतं, शी काळी होते. शी काळी होणं साधं आहे, घाबरू नका. मळमळत असेल तर जेवणानंतर घ्या, वर लिंबूपाणी प्या, चहा मात्र आधी-नंतर तासभर नको. हिमोग्लोबिन आणि बोटाची साखर दोन्ही लोणी काळभोरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासतात. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाने साखर आणि बीपी तिथे तपासून घ्यावं.

यात एक अडचण आहे ती सांगून ठेवते. लोह कमी असेल तर एचबीए१सी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. उलट ज्यांच्या घरात सिकलसेल आहे, विदर्भातून इकडे आलेल्या आपल्या बऱ्याच कुटुंबांत आहे, त्यांच्या तांबड्या पेशी लवकर मोडतात आणि आकडा खोटाच कमी येऊ शकतो. तपासणीआधी डॉक्टरांना हे सांगा, ते दुसऱ्या तपासण्यांवर भर देतील.

डोक्यावर एका जागी रुपयाएवढं गोल टक्कल पडलं, किंवा खाज येऊन पापुद्रे निघतात, तर ती वेगळी दुखणी आहेत. तिथे पानही नाही आणि लोहाची गोळीही नाही, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवायचं. कढीपत्ता घालून उकळलेलं खोबरेल लावायला हरकत नाही. केस मऊ राहतात, गुंता कमी होतो, विंचरताना तुटतात कमी.

आणि पान खायचं कसं? फोडणीतलं पान ताटाच्या कडेला काढून ठेवायची आपली सवय आहे, ती सोडली तरी पुष्कळ. पानं वाळवून, भाजलेले शेंगदाणे, तीळ, लसूण घालून चटणी केली तर पोरंही खातात, आणि पानं मूठभर जातात. मीठ हात राखून, बीपी असेल तर जास्तच.

बाजारात कोथिंबिरीवर फुकट मिळणाऱ्या काडीवर फवारणी झालेली असू शकते. भारतातून गेलेल्या कढीपत्त्यात औषधाचे अंश सापडल्याने युरोपात त्याच्यावर खास तपासणी लावली होती. सोलापूर रस्त्याच्या कडेच्या झाडावर तर दिवसभर टँकर आणि ट्रकांची धूळ बसते. कच्चं चावायचं असेल तर काडीवरून पानं सुटी करा, वाहत्या पाण्याखाली दोन्ही बाजूंनी चोळून धुवा, नुसतं बुचकळून काढू नका. घराच्या दारात जुन्या डब्यात रोप लावलं तर उत्तम. पक्व फळातलं ताजं बी पेरलं तर उगवतं, वाळलेलं बी सहसा उगवत नाही.